गिलेनची उघडी खिडकी

फेब्रुवारीत खिडकी उघडी ठेवणारी त्या मजल्यावर एकच बाई होती. गिलेन रोबिताय. वय चौपन्न. बाहेर उणे अठरा असलं तरी तिच्या टेबलाशेजारची खिडकी वीतभर उघडीच असायची. आपण बरे, आपली हवा बरी, असा तिचा खाक्या.

मजला होता माँट्रियालमधल्या एका जुन्या कापड कारखान्याचा. आता तिथं चौदा माणसं मिळून मोबाईलवरचा एक गेम करत होती. गेमचं नाव ‘तळ्यावरचा टपाली’. खेळणाऱ्यानं होडी वल्हवत एका मोठ्या तळ्याकाठच्या घरांना पत्रं पोचवायची. मारामारी नाही, गोळीबार नाही. फक्त पाणी, झाडं, बदकं आणि पत्रं. दोन मेला तो लोकांच्या फोनवर जायचा होता.

तळं ऑरेलचं होतं. ऑरेल तिव्हिएर्ज हा तिथला मुख्य चित्रकार. अकरा महिने त्यानं पाण्यातल्या प्रतिबिंबावर घालवले होते. तो गिलेनच्या समोरच बसायचा. म्हणजे खिडकीच्या वाऱ्यात. कामावर आला की बाकीचे कोट काढून ठेवायचे, ऑरेल कोटावर आणखी मफलर गुंडाळायचा.

“गिलेन, माझी बोटं गळून पडली तर पाठवून देशील ना घरी?”

“पत्ता लिहून ठेव. बोटं आहेत तोवर.”

“अगं, उष्णता तुझ्या अंगात आहे. तुझ्या अंगाचा प्रश्न तू शहराच्या हवेनं का सोडवतेस?”

“शहराची हवा फुकट आहे म्हणून.”

उष्णता तिच्या अंगात होती हे खरंच. तीन वर्षांपासून. बसल्या बसल्या मानेपासून कानापर्यंत वणवा पेटायचा. दोन मिनिटांत घामाघूम. मग ती खिडकीला पाठ लावून उभी राहायची आणि डोळे मिटायची. कोणी काही बोलत नसे. बोललंच तर ऑरेल बोले, आणि त्याला ती सोडत नसे.

गंमत अशी, की तिचं कामही उष्णतेचंच होतं.

फोनवर जड गेम चालला की फोन तापतो. पंखा नसतो त्यात. एका मर्यादेपलीकडे गेला की फोन स्वतःला वाचवतो. आतली चिप आपला वेग कमी करते. फोन वाचतो, पण गेम मरतो. सेकंदाला साठ चित्रं दाखवणारा पडदा मध्येच चाळीसवर येतो, मग पंचविसावर. होडी ठेचकाळत जाते. खेळणाऱ्याला कारण कळत नाही. तो म्हणतो, गेम भिकार आहे.

गिलेनचं काम हे, की फोननं हात आखडता घेण्याआधी गेमनंच आपलं ओझं उतरवायचं. आपण होऊन, चालू खेळात, कोणाला न विचारता. सावल्या थोड्या ढोबळ करायच्या. लांबची झाडं साधी करायची. चित्र किंचित लहान काढून पडदाभर ताणायचं. ओझं कमी झालं की चिपचं काम कमी, काम कमी की उष्णता कमी. मग होडी चालते तशीच चालत राहते. फोन थंडावला की सगळं पुन्हा वर आणायचं. तिनं त्याच्या पाच पायऱ्या केल्या होत्या. पहिलीवर सगळा थाट. पाचवीवर जेमतेम अंगावर कपडा.

गेमच्या धंद्यात येण्याआधी नऊ वर्षं ती दुकानांतल्या शीतपेट्यांचे बिघाड दुरुस्त करायची. कुठल्याही यंत्राला गाल लावून ते किती तापलंय ते सांगायची. ऑफिसातही ती फोन गालाला लावायची, आणि बहुतेक वेळा एखाद्या अंशापलीकडे चुकत नसे. नवा माणूस आला की ऑरेल त्याला दबक्या आवाजात सांगे, “ती फोनचे मुके घेत नाहीये. मोजतेय.”

मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिनं आपला निकाल मांडला. सहा वेगवेगळे फोन, तीन आठवडे. रोज चाळीस मिनिटं होडी आपोआप वल्हवत ठेवायची आणि नोंदी घ्यायच्या. भिंतीवरच्या पडद्यावर एक रेघ उमटली. सरळ, शांत, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखी.

“एकही फोन दुसऱ्या पायरीच्या खाली गेला नाही,” गिलेन म्हणाली. आवाजात अभिमान होता. लपवायचा प्रयत्न केला होता, पण होता.

मिरेय दुकेत टेबलाच्या टोकाला बसली होती. स्टुडिओ तिचा. वय छत्तीस, बोलणं कमी, प्रश्न नेमके. ती काही म्हणायच्या आत ऑरेलनं हात वर केला.

“मला एक सांग. फोन तापतच नाहीत?”

“तापतात. पण ताब्यात राहतात.”

“दुसऱ्या पायरीवर तू काय कापतेस?”

“लांबच्या सावल्या. जरा.”

“म्हणजे काहीच नाही. जरा सावली कापली की फोन गार. मग बाकीच्या तीन पायऱ्या कशाला? चौथ्या पायरीवर तू माझ्या तळ्यातलं प्रतिबिंब पुसतेस, गिलेन. अकरा महिने! ते कधी लागतच नसेल, तर ठेवायचं कशाला?”

मुद्दा बिनतोड होता. गिलेनला आयुष्यात पहिल्यांदा चांगला निकाल मुळावर आलेला दिसला.

मिरेय म्हणाली, “मलाही तेच वाटतंय. जो भाग चालत नाही तोही सांभाळावा लागतो. प्रत्येक नव्या फोनवर तपासावा लागतो. त्यापेक्षा सेटिंगमध्ये ‘साधं’ आणि ‘सुंदर’ अशी दोन बटणं देऊ. ज्याला जे हवं ते तो निवडेल.”

“खेळणारा कधी सेटिंगमध्ये जात नाही,” गिलेन म्हणाली. “तो वैतागतो आणि गेम काढून टाकतो.”

“पण तुझी रेघ म्हणतेय तो वैतागणारच नाही.”

आठ महिन्यांचं काम तिच्या स्वतःच्या रेघेनं कापायला घेतलं होतं. ती घाम पुसू लागली. सवयीनं खिडकीकडे सरकली.

“खऱ्या माणसांच्या हातात बघू या,” ती म्हणाली. “एकदा. मग ठरव.”

मिरेयनं विचार केला. “मार्चअखेर सगळे तुझ्या भावाकडे जातोय ना? तिथं प्रत्येकानं आपापल्या फोनवर अर्धा तास खेळायचं. तुझ्या पायऱ्या कामी आल्या आणि कोणाच्या लक्षात आल्या नाहीत, तर त्या राहतील. कामीच आल्या नाहीत किंवा डोळ्यांत खुपल्या, तर निघतील.”

ऑरेल हसून म्हणाला, “मी डोळ्यांत तेल घालून बसेन.”

“तेल घाल,” गिलेन म्हणाली, “थंडीत गोठणार नाही एवढं बघ.”

नॉर्मां रोबिताय हा गिलेनचा थोरला भाऊ. शहरापासून तासाभरावर त्याचं मेपलच्या पाकाचं गुऱ्हाळ होतं. मार्चमध्ये रात्री बर्फ आणि दिवसा ऊन असं सुरू झालं की झाडांतून रस ठिबकू लागतो. मग सहा आठवडे नॉर्मांची कढई थंड होत नाही. दारं बंद, खाली लाकडाचा जाळ, वर वाफ. गिलेन तिथंच वाढली. आता मात्र ती दाराजवळच्या बाकावर बसायची आणि दर दहा मिनिटांनी बाहेर बर्फात जाऊन यायची.

त्या शनिवारी चौदाजण लांब टेबलांभोवती बसले. वाटाण्याचं सूप झालं. घेवडा झाला. मीठ लावून तळलेली डुकराची कुरकुरीत कातडी झाली आणि तिच्यावर पाक झाला. ऑम्लेटवर पाक झाला. मग मिरेयनं हात पुसले आणि म्हणाली, “काढा फोन.”

चौदा फोन निघाले. प्रत्येकाला जाडजूड कव्हर. हिवाळ्यात फोन बर्फावर पडतात, म्हणून तिकडे सगळे तशीच कव्हरं घालतात. दोघांनी खिशातल्या बॅटऱ्या जोडल्या. भिंतींवर वाफेचं पाणी ओघळत होतं. उन्हाची तिरीप खिडकीतून टेबलावर पडली होती, म्हणून सगळ्यांनी पडद्यांचा उजेड पूर्ण वाढवला.

दहा मिनिटं कोणी बोललं नाही. वल्ह्यांचे आवाज. पत्रं पोचत होती. गिलेनच्या चेहऱ्यावर समाधान पसरू लागलं.

बाराव्या मिनिटाला टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडून कोणीतरी म्हणालं, “अरे, माझं तळं गेलं.”

“कुठं गेलं?”

“आलं. आलं परत. गेलं!”

“माझंही!”

“माझ्या पाण्यात आत्ता झाडं होती, आता नाहीत. आता आहेत.”

ऑरेलनं आपला फोन सरळ धरला आणि नुसता बघत राहिला. त्याच्या तळ्यातलं प्रतिबिंब पुसलं जायचं, दहा-बारा सेकंदांनी उमटायचं, पुन्हा पुसलं जायचं.

“गिलेन,” तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, “माझं तळं मला डोळा मारतंय.”

सगळं टेबल हसलं. हसू वाईट नव्हतं, पण थांबेना. एकानं आपला फोन उंच करून दाखवला, “बघा, लाजतंय बिचारं.” दुसऱ्यानं तळ्याला परत डोळा मारला.

गिलेननं ऑरेलचा फोन हातातून काढून घेतला. गालाला लावला आणि लगेच दूर केला. तव्यासारखा होता. तिनं मिरेयचा फोन घेतला. तो जुना, स्वस्तातला. त्यावर सगळं कापून झालं होतं, पाचवी पायरी, आणि तरीही होडी ठेचकाळत होती.

“म्हणजे चित्र गेलं आणि वेगही गेला,” मिरेय म्हणाली. ती हसत नव्हती.

गिलेनच्या मानेपासून वणवा निघाला. या वेळी तो वयाचा नव्हता. ती उठली आणि कढईकडे गेली. बाहेर जायला हवं होतं, पण बाहेरची वाट टेबलाजवळून होती.

नॉर्मां जाळाजवळ उभा होता. कढईत पाक फेसाळत वर येत होता. त्यानं लोण्याचा एवढासा गोळा त्यात टाकला. फेस खाली बसला.

“काय झालं गं? हसतायत कशाला ते?”

तिनं सांगितलं. फोन तापतो, मग मी ओझं उतरवते. ओझं उतरलं की तो निवतो, मग मी ओझं चढवते. चढवलं की परत तापतो.

“कितीवर उतरवतेस?”

“एक रेषा आहे.”

“आणि चढवतेस कितीवर?”

ती थांबली. “त्याच रेषेवर.”

नॉर्मांनं तिच्याकडे असं बघितलं, जसं तिनं सातव्या वर्षी कढईत बर्फाचा गोळा टाकला होता तेव्हा बघितलं होतं.

“पोरी, फेस काठाला आला की मी लोणी टाकतो. तो एक बोट उतरला की लगेच लाकडं सारतो का? दिवसभर तेच करत बसेन मी. लोणी, लाकूड, लोणी, लाकूड. आणि फेस काठाला येईपर्यंत बघत बसायचं हेच मुळात चूक. लाकूड आत टाकलं की त्याची आंच पाच मिनिटांनी लागते. आत्ताची कढई बघून चालत नाही. पाच मिनिटांनंतरची बघावी लागते. हे तुला बाबांनी शिकवलं होतं. मला नव्हतं शिकवलं, मी मार खाऊन शिकलो.”

“माहितीये मला.”

“मग?”

“मग काय. ऑफिसात असं एकदाही झालं नाही. तीन आठवडे. एकदाही नाही!”

तिच्या मागे मिरेय आणि ऑरेल येऊन उभे राहिले होते. नॉर्मांनं सहज विचारलं, “तपासत कुठं होतीस?”

मिरेय म्हणाली, “तिच्याच टेबलापाशी. प्लग तिथं आहेत ना. खिडकीच्या कट्ट्यावर.”

ऑरेलचं तोंड हळूहळू उघडलं. “त्या खिडकीच्या?”

गिलेननं हळूच मान डोलावली.

“उणे अठरा,” ऑरेल म्हणाला. “सहा फोन. कव्हर नाही, काही नाही. उघड्या खिडकीच्या दगडी कट्ट्यावर. गिलेन, त्यांची रेघ शांत होती कारण ते गोठले होते!”

आणि मग तो असा हसला, की त्याला कढईपासून दूर ओढावं लागलं. नॉर्मांही हसला. मिरेयनं तोंडावर हात धरला, पण खांदे हलत होते. शेवटी गिलेनही हसली. न हसून सांगते कोणाला? आठ महिने फोनचा ताप उतरवायचं यंत्र बांधलं, आणि ताप उतरवत होती तिची स्वतःची खिडकी.

हसू ओसरल्यावर मिरेय म्हणाली, “फोन तापतात हे आता कळलं. म्हणजे पायऱ्या हव्यात. पण अशा नकोत. दहा दिवस देते. त्यानंतरही तळ्यानं डोळा मारला तर दोन बटणं.”

सोमवारी सकाळी ऑरेल मफलर गुंडाळून आला. खिडकी बंद होती.

त्यानं मफलर काढला. थोड्या वेळानं कोट काढला. मग त्याला चैन पडेना. “आजारी आहेस का?”

“काम करतेय. गप्प बस.”

फोन कट्ट्यावर नव्हते. तिनं सहाही फोनांना जाड कव्हरं चढवली होती आणि ते लोकरीच्या हातमोज्यांत घालून खोली तापवणाऱ्या रेडिएटरवर मांडले होते. सहा तान्ही बाळं दुपट्यात गुंडाळावीत तसे. ती स्वतः कपाळावर गार पाण्याची बाटली धरून बसली होती.

दोन दिवसांनी तिला तेही पुरेना. शहराच्या व्हर्दन भागात तिच्या घराखाली एक कपडे धुण्याचं दुकान होतं, ओळीनं वीस मशीनं आणि ओळीनं वीस वाळवणारी. भर दुपारी तिथली हवा ओल्या घोंगडीसारखी. ती तिथं खुर्ची टाकून बसली. मांडीवर लॅपटॉप, वाळवणाऱ्या मशीनच्या डोक्यावर फोन. दुकानवालीनं तीनदा विचारलं, कपडे कुठायत. चौथ्यांदा गिलेननं आपला स्वेटर काढून मशीनमध्ये टाकला.

तिनं सगळं उलगडून पुन्हा बांधलं. आधी ती फोनला विचारायची, तू तापलास का? फोन ‘हो’ म्हणायचा तोवर त्यानं चिपचा वेग कमी करून टाकलेला असायचा. आता ती विचारू लागली, असाच चालत राहिलास तर दहा सेकंदांनी मर्यादेच्या किती जवळ असशील? नवे फोन हे आकड्यात सांगतात. आकडा एक झाला की मर्यादा आली. पाऊण ओलांडला की ती एक पायरी उतरायची, एकची वाट न बघता. हेही फार घाईनं विचारायचं नसतं, फोन उत्तरच देत नाही. ती दहा सेकंदांनी एकदा विचारायची. जे फोन भविष्य सांगत नव्हते त्यांच्यासाठी ती त्यांनी दिलेली ढोबळ अवस्था आणि प्रत्येक चित्राला लागणारा वेळ बघायची.

आणि चढायची रेषा वेगळी. आकडा निम्म्याच्या खाली गेला, आणि सलग दोन मिनिटं खालीच राहिला, तरच एक पायरी वर. उतरायचं पटकन, चढायचं सावकाश. म्हाताऱ्या माणसानं जिना उतरावा त्याच्या बरोब्बर उलट, असं ऑरेल म्हणाला.

मिरेयच्या स्वस्त फोनचं कोडं वेगळं निघालं. तिथं चित्र जड नव्हतंच. बदकं जड होती. प्रत्येक बदक दर क्षणी बाकीच्या दोनशे बदकांकडे बघून कुठं उडायचं ते ठरवत होतं. ते काम चित्र काढणाऱ्या भागाचं नव्हे, हिशेब करणाऱ्या भागाचं. चित्र कितीही कापा, त्या भागाचा घाम थांबणार नव्हता. आधी कोण दमलंय ते बघायचं आणि मगच कापायचं, हे तिनं स्वतःच्या हातानं एका चिठ्ठीवर लिहिलं आणि पडद्याला चिकटवलं. बदकं आता आळीपाळीनं विचार करू लागली. शंभर बदकं या क्षणी, शंभर पुढच्या. बदकांना फरक पडला नाही.

राहिलं तळं. ती ऑरेलकडे गेली. खुर्ची ओढून बसली.

“मला तुझं तळं पुसायचं नाहीये,” ती म्हणाली. “तू मला दुसरं, हलकं तळं दे.”

“हलकं म्हणजे?”

“आत्ता सगळी झाडं दोनदा काढली जातात. एकदा काठावर, एकदा उलटी पाण्यात. तू उलटी झाडं एकदाच रंगवून दे. एक चित्र. ते मी पाण्यावर हलतं ठेवीन. चौथ्या पायरीवर खऱ्या प्रतिबिंबाच्या जागी ते.”

“फसवायचं?”

“तुझा धंदा काय आहे ऑरेल?”

तो विचारात पडला. मग त्याला उत्साह आला, आणि उत्साह आला की तो वाहवत जाई. “आणि बदल होताना मी धुकं आणतो! दाट धुकं. धुक्याआड तू काय हवं ते बदल.”

“धुकं नको. तुझं धुकं म्हणजे एकावर एक बारा पारदर्शक थर. प्रत्येक थरासाठी तोच ठिपका परत रंगवायचा. ताप उतरवायला आलेला डॉक्टरच तापाचं कारण.”

“मग?”

“थैली,” ती म्हणाली.

खेळणारा दर मिनिट-दोन मिनिटांनी टपालाची थैली उघडायचा, पुढचं पत्र कोणाचं ते बघायला. तेव्हा थैली पूर्ण पडदा झाकायची. तिच्यामागे तळं दिसत नव्हतं. बदल करायचा तो तिथं. फोन अगदीच मर्यादेला टेकला तरच थैलीची वाट न बघता.

ऑरेलनं तीन दिवसांत उलटी झाडं रंगवली. चौथ्या दिवशी परत रंगवली. “कोणी बघणार नाही,” गिलेन म्हणाली. “म्हणून चांगली हवीत,” तो म्हणाला. ती यावर काही बोलली नाही. एरवी बोलली असती.

दहाव्या दिवशी मिरेयनं सगळ्यांना छोट्या बैठकीच्या खोलीत बसवलं. चौदा माणसं, सात खुर्च्या. हीटर पूर्ण. खिडकी बंद. फोनांना कव्हरं. गिलेननं स्वतः दार लावलं आणि दाराला टेकून उभी राहिली.

“अर्धा तास,” मिरेय म्हणाली. “तळ्यात काही बदललं असं दिसलं की हात वर. एक जरी खरा हात वर गेला, तरी पायऱ्या निघाल्या.”

खेळ सुरू झाला. पाच मिनिटं. दहा. खोली तापली. कोणी स्वेटर काढला. बाराव्या मिनिटाला गिलेननं शेजारच्या लॅपटॉपकडे बघितलं. त्यावर बाकी सगळ्यांच्या तेरा रेघा होत्या आणि त्या या वेळी झोपलेल्या नव्हत्या. एकामागून एक पायऱ्या उतरत होत्या. कोणी मान वर केली नाही.

सोळाव्या मिनिटाला ऑरेलनं हात वर केला.

गिलेननं त्याच्या रेघेकडे बघितलं. “काय दिसलं?”

“झाडं. पाण्यातली. ढोबळ झाली.”

“तुझा फोन तिसऱ्या पायरीवर आहे. प्रतिबिंबाला मी हातही लावलेला नाही. ती तुझी खरी झाडं आहेत.”

खोलीत खसखस पिकली. ऑरेल लाल झाला. “बरं बरं. खेळू द्या मला.”

विसाव्या मिनिटाला त्यानं थैली उघडली, मिटली. त्याची रेघ चौथीवर गेली होती. त्याच्या तळ्यात आता उलटी रंगवलेली झाडं होती. तो पुढं वल्हवत राहिला. गिलेन त्याच्याकडे बघत होती. तिला आता पडदा दिसत नव्हता, घाम डोळ्यांत जात होता. मानेपासून कानापर्यंत आग. बाटली संपली होती. दार उघडलं असतं तर हवा आली असती आणि हवा आली असती तर परीक्षा फुकट गेली असती. दहा मिनिटं. तिनं दाराची मूठ मागे हातानं घट्ट धरली, उघडू नये म्हणून.

सत्ताविसाव्या मिनिटाला ऑरेल उभा राहिला आणि त्यानं पुन्हा हात वर केला.

सगळे थांबले. मिरेयनं पेन खाली ठेवलं. गिलेननं त्याची रेघ बघितली. या वेळी तो खरंच चौथ्या पायरीवर होता.

“काय दिसलं?” मिरेयनं विचारलं.

ऑरेल फोनकडे बघत नव्हता. तो दाराकडे बघत होता.

“तळ्यात काही नाही,” तो म्हणाला. “तळं छान आहे. पण गिलेन पाचव्या पायरीवर पोचलीय. कोणीतरी तिची खिडकी उघडा.”

“तीन मिनिटं राहिलीत,” गिलेन म्हणाली. आवाज फाटका होता. “बस खाली.”

तो बसला. खिडकी कोणी उघडली नाही. तिला विचारल्याशिवाय ती कोण उघडणार? तीन मिनिटं तेराजणांनी पत्रं वाटली, आणि सगळे एका डोळ्यानं घड्याळाकडे बघत होते.

मिरेयनं नोंदी वाचल्या. तेरा फोन मिळून एकेचाळीस वेळा खाली उतरले होते. तीनदा वर चढले होते. होडी एकदाही ठेचकाळली नव्हती, मिरेयच्या स्वस्त फोनवरसुद्धा नाही. हात दोन वर गेले होते आणि दोन्ही ऑरेलचे.

“राहतील,” ती म्हणाली. एवढंच.

ऑरेलनं आपला फोन परत उचलला. “माझं किती वेळ खोटं तळं होतं?”

“विसाव्या मिनिटापासून.”

तो दोन्ही चित्रं मनात ताडून बघू लागला. मग त्याला कळेना, वाईट वाटून घ्यावं की छाती फुगवावी. उलटी झाडं त्यानंच तर रंगवली होती. “चांगली रंगवली होती मी,” तो शेवटी म्हणाला.

“फार चांगली,” गिलेन म्हणाली. “तुला स्वतःलासुद्धा दिसली नाहीत.”

ती दार उघडून थेट आपल्या टेबलाकडे गेली. खिडकीची कडी काढली आणि वीतभर नाही, पूर्ण उघडली. एप्रिलचा वारा आत आला. कट्ट्यावर फोन नव्हते. तिथं आता मिरेयच्या अक्षरात एक पाटी होती: इथं फोन तपासू नयेत, फक्त गिलेन.

ती खिडकीला पाठ लावून उभी राहिली आणि डोळे मिटले.

समोर ऑरेल आपल्या जागेवर येऊन बसला. त्यानं एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा खिडकीकडे. खुर्चीमागून मफलर काढला आणि गळ्याभोवती दोनदा गुंडाळला.